यू-बेंडवर फोर्स शून्य येऊन राहिला, मदत हवी आहे

सेकंडइयर_नागपूर: उद्या सकाळी सेशनल आहे अन् मोमेंटमचं एक गणित सुटून नाही राहिलं. यू-बेंड आहे, पाणी 4 m/s नी जाते अन् वापस येते, पाण्याचा बेंडवर फोर्स काढायचा. माझं उत्तर शून्य येते, पुस्तकात 1822 N. लवकर सांगा कोणी.

मेकवाला_दादा: डायमीटर? प्रेशर? गेज का ऍब्सोल्यूट? आणि तू लिहिलेलं समीकरण टाक, त्याशिवाय चूक कशी दिसणार.

सेकंडइयर_नागपूर: 10 cm, दोन्हीकडे 100 kPa गेज, लॉस धरायचा नाही, बेंड आडवा आहे. मी हे लिहिलं:

```
p1A − p2A + R = ṁ(4 − 4)
```

धरमपेठकर: अरे वापस येताना वेग −4 होतो ना! ṁ 31.4 kg/s, म्हणून 31.4 × 8 = 251 N. पुस्तकातलं उत्तर चूक छापलं असेल, असं होते कधी कधी.

मेकवाला_दादा: वेगाचं बरोबर, पण पुस्तक चुकलेलं नाही. ज्युनियर्सच्या वह्यांमध्ये हीच जागा सगळ्यात जास्त चुकते, सरळ पाइपची सवय असते म्हणून p2A ला डोळे मिटून मायनस लावतात. प्रेशर वेगाची दिशा बघत नाही, ते कंट्रोल व्हॉल्यूमला बाहेरून आत दाबतं, बस. इथे बेंडची दोन्ही तोंडं डावीकडे उघडतात, म्हणजे बाहेरचं पाणी दोन्ही तोंडांवर उजवीकडेच ढकलतं, दोन्ही प्लस:

```
p1A + p2A + R = ṁ(−4 − 4)
785 + 785 + R = −251
R ≈ −1822 N
```

आता हा R बेंडचा पाण्यावरचा आहे. विचारलाय पाण्याचा बेंडवरचा, म्हणून चिन्ह उलटव, 1822 N उजवीकडे. R ला सुरुवातीला प्लसच धर, दिशा आधीच ओळखून मायनस लावला की शेवटी दोनदा उलटतो. आणि पाणी वळवायला बेंडनी त्याला डावीकडेच ढकलायला पाहिजे, R प्लस आला तर तिथेच थांब अन् आकृती परत बघ.

पॉलिटेक्निक_भाऊ: आम्ही तर ऍब्सोल्यूट घेत होतो, सरांनी तसंच शिकवलं.

मेकवाला_दादा: घ्या, पण मग बेंडला बाहेरून हवा दाबते तेही धरा. नाहीतर बोल्टवरचा फोर्स उगाच दीड हजार N नी वाढतो.

पॉलिटेक्निक_भाऊ: फक्त आतल्या भिंतीवरचा विचारला असेल तर आमचंच बरोबर ना?

गच्चीवाले_काका: आमच्या गच्चीवर कूलरच्या लाइनचा एल्बो वारंवार निघून राहिला, कोणतं सोल्यूशन लावू? पंप लहानच आहे.

धरमपेठकर: काका, हा धागा गणिताचा आहे.

मेकवाला_दादा: विषय तोच आहे धरमपेठकर. काका, वरच्या गणितात 1822 पैकी 1570 नुसत्या प्रेशरचे आहेत. पुढचा वॉल्व्ह बंद केला, पाणी थांबलं, तरी प्रेशर एल्बोला बाहेर ढकलतच राहतं. सोल्यूशन चांगलं लावाच, पण एल्बोच्या दोन्ही बाजूंना पाइप भिंतीला क्लॅम्पनी पक्का करा.

सेकंडइयर_नागपूर: आलं दादा 1822! पण पुढच्या गणितात बेंडच्या टोकाला नोझल आहे अन् पाणी हवेत सुटते, तिथं p2 शून्य घ्यायचा का? अन् बेंड उभा असला तर पाण्याचं वजन कोणत्या चिन्हानी?