मदत हवी आहे: जांघेतली खाज खरजेची की गजकर्णाची?

घरातल्या चौघांनाही खरूज. परमेथ्रिन ५ टक्के मलम सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावलं, सकाळी धुतलं आणि आठवड्याने पुन्हा लावलं. कपडे-चादरी गरम पाण्यात धुतल्या. तिघांची खाज ओसरली.

वडिलांच्या जांघेत मात्र तीन आठवड्यांनंतरही तीव्र खाज आहे. त्यांनी मध्येच क्लोबेटासोल आणि बुरशीनाशक असलेलं मिश्र मलम लावलं. स्टेरॉइडने लाली-खाज दबते, पण त्वचेचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी मोकाट पसरते. गोल चट्ट्याची कड आता पुसट झालीय, चट्टा मांडीवर उतरलाय. मलम दहा दिवस बंद आहे. बोटांच्या बेचक्यांत नवे फोड नाहीत, अंडकोषावर गाठी नाहीत, मधुमेह नाही. त्यांचा टॉवेल वेगळा ठेवलाय.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते, हे माहीत आहे. एरवी त्यावर सौम्य स्टेरॉइड देतात. इथे ते नकोच. त्वचेची खरवड तपासायची आहे, पण मिश्र मलमातल्या बुरशीनाशकामुळे बुरशी असूनही ती सापडणार नाही, ही भीती आहे. मलम थांबवून किती दिवसांनी नमुना घ्यावा, आणि तोवर खाजेसाठी काय द्यावं?