बापानं मुलाला असं पत्र लिहावं का?

खासबागकर: आमच्या गल्लीतल्या एकानं पुण्यात नोकरीला असलेल्या पोराला चार पानी पत्र धाडलं. धंदा बुडाला, कर्ज झालं, डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, सगळं लिहिलं. बापानं पोरापुढं असं रडायचं असतं का?

पॅटर्नवाला: हे वाचून रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितो. असं पत्र मीही लिहिलंय.

उद्यमनगरात माझं लाकडी पॅटर्नचं वर्कशॉप होतं. 2008 च्या मंदीत फौंड्र्यांची कामं आटली. मी रोज डबा घेऊन जायचो, शटर अर्धं उघडून रिकामा बसायचो आणि संध्याकाळी घरी येऊन पोरावर डाफरायचो. तो बारावीत होता. निकालाच्या दिवशी मी जेवणाचं ताट भिरकावलं. गुण कमी पडले म्हणून पप्पा चिडले, असंच तो पुढं कित्येक वर्षं समजत राहिला. खरं तर त्याच दुपारी पतसंस्थेची नोटीस आली होती.

पहिला खर्डा सहा पानांचा झाला. बायकोनं वाचला आणि म्हणाली, "हे पत्र आहे का उधारीची वही?" बरोबर होतं तिचं. पानोपानी 'तुझ्यासाठी एवढं केलं' हेच होतं. मी ते सगळं काढलं. 'चुकलो, पण' असं जिथं जिथं होतं तिथं 'पण'पासून पुढचं खोडलं. उरली दीड पानं. ताटाचा तो दिवस, नोटीस, आणि आठ महिने उपचार घेतोय हे. आईला सगळं माहीत आहे, डॉक्टर आहेत, तू मला सांभाळावंस म्हणून लिहीत नाही, हेही मुद्दाम घातलं. शेवटी एकच विचारलं : त्या वर्षी तुला घरात कसं वाटायचं? रागानं लिहिलंस तरी चालेल, नाही लिहिलंस तरी चालेल.

पाच आठवडे काही नाही. मग फोन आला, तोही गाडीच्या विम्याबद्दल. मी पत्राचं नाव काढलं नाही. दिवाळीत रंकाळ्यावर फिरताना तो एकदम म्हणाला, "त्या वर्षी मी घर सोडून जाणार होतो." आणि पुढं चालायला लागला. रडणं म्हणा, काही म्हणा. मला ते वाक्य ऐकायला मिळालं.

खासबागकर: तुमचं दुःख खरं आहे, मानलं. पण कर्जाचं कशाला लिहायचं? बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर येतंच. त्याची झोप आत्तापासून कशाला उडवायची?

निवृत्त_बँकवाला: 'येतंच' म्हणू नका हो, याच भीतीनं लोक कर्ज लपवतात. वडिलांमागं जी मिळकत मुलाकडं येते, तेवढ्यापुरतीच वसुली होते. पितृऋण म्हणून मुलानं ते फेडलंच पाहिजे, हे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जाला लागू नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीन असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं वडील हयात असतानाही बँक थेट त्याच्याकडं येऊ शकते, आधी वडिलांवर दावा लावलाच पाहिजे असं नाही. म्हणून पत्रात रक्कम, कुठलं कर्ज आणि कुणाची सही, एवढं स्वच्छ लिहावं.

शाहूपुरीची_लेक: जामीन! आमच्या आबांनी असंच हळवं पत्र दादाला लिहिलं. दादाला! आणि कर्जावर जामीन म्हणून सही कुणाची? माझी. नोटीस माझ्या ऑफिसात आली तेव्हा मला कळलं. इथं सगळे 'पोरगा, पोरगा' करताय. मुलीला खरं सांगायला बापाचं काय जातं?

खासबागकर: ताई, विषय मुलाच्या पत्राचा चाललाय.

शाहूपुरीची_लेक: विषय बापानं लपवण्याचा चाललाय. तुम्हालाच तो बघायचा नाही. बँकवाले काका, मला त्या जामिनातून बाहेर पडता येईल का?

निवृत्त_बँकवाला: बँकेच्या संमतीशिवाय अवघड आहे. बँकेला मान्य होईल असा दुसरा जामीन किंवा तारण देऊन बघा. बँकेनं लेखी मोकळं केल्याशिवाय सुटलो असं समजू नका.

रात्रीचा_प्रवासी: माझंही ऐका. माझ्या वडिलांनी पत्र नाही, रात्री दोनला मोबाइलवर लांबलचक मेसेज टाकला. शेवटी, 'आता माझं काही राहिलं नाही, आईला जप.' मी पुण्याहून तसाच निघालो. सुदैवानं शेजारचे काका आधी पोचले. पॅटर्नवाले काकांनी आठ महिने उपचार घेऊन मग लिहिलं, म्हणून ते पत्र झालं. ऐन त्या अवस्थेत बाप लिहायला बसला, तर पोराच्या हातात निरोप पडतो. अशा वेळी लिहू नका, माणसाला हाक मारा. 14416 हा सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मी अजून वडिलांना त्या मेसेजबद्दल विचारलेलं नाही. तीन वर्षं झाली.

पॅटर्नवाला: बाळा, तू विचार. ते वाट बघत असतील.

रात्रीचा_प्रवासी: तुम्ही म्हणता तेवढं सोपं नाही, काका. दर वेळी मीच का सुरुवात करायची?

खासबागकर: ठीक आहे. उपचार चालू असताना, हिशेब न मांडता लिहिलं तर माझी हरकत नाही. पण गल्लीभर कळेल असं लिहू नये, हे माझं कायम आहे.

शाहूपुरीची_लेक: गल्लीभर तुम्हीच केलंत की, इथं पोस्ट टाकून. त्या माणसाला विचारलं होतं का?