मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या पीडीएफ अर्जाच्या छापील रेघांवर टंकलेला मजकूर नेमका कसा बसवावा?

शिदोरी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात मी विद्यार्थ्यांना निरनिराळे अर्ज भरून देण्याचे काम करते. सध्या एका खासगी विश्वस्त संस्थेच्या शैक्षणिक साहाय्याचा दोन पानी अर्ज हाती आहे. तो कागदावरून स्कॅन केलेला असल्यामुळे त्यात टिचकी मारून लिहिता येईल अशी एकही जागा नाही, आणि संस्थेची अट मात्र अशी आहे की मजकूर टंकलिखित असावा, छापील रेघांवरच असावा आणि भरलेला अर्ज पीडीएफ स्वरूपातच ईमेलने पाठवावा. अर्जदार बरेच आहेत, त्यामुळे जागा एकदा पक्क्या व्हाव्यात आणि पुढे प्रत्येकासाठी केवळ मजकूर बदलावा लागावा, अशी सोय मला हवी आहे.

आतापर्यंत मी पुढीलप्रमाणे केले आहे. अर्ज छापून घेतला, पानाच्या वरच्या व डाव्या कडेपासून प्रत्येक रेघेचे अंतर पट्टीने मोजले, लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये ए-४ आकाराच्या कोऱ्या पानावर त्याच मापांनी मजकूर चौकटी ठेवल्या आणि ते पान पीडीएफ करून मूळ अर्जावर चढवले. पहिल्या पानावर २३ रेघा आहेत. त्यांपैकी मधल्या रेघांवर मजकूर अगदी बरोबर बसतो, पण वरच्या रेघांवरचा मजकूर रेघेच्या खाली उतरतो आणि तळाच्या रेघांवरचा मजकूर रेघेच्या वर अधांतरी राहतो. दोन्ही टोकांना हा फरक अडीच ते तीन मिलिमीटरांचा आहे. सगळ्या चौकटी एकत्र निवडून सरकवल्या, तर एक टोक सुधारते आणि मधला भाग बिघडतो. दुसऱ्या पानाची अडचण वेगळी आहे. तिथे ओळीची सुरुवात रेघेवर असते, पण उजवीकडे जाता जाता रेघ मजकुरापासून खाली निसटत जाते. याचे कारण काय असावे?

हिरवा_चाफा

एवढा खटाटोप कशासाठी करता, ताई? लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये मूळ पीडीएफच थेट उघडा. अर्ज डोळ्यांसमोर दिसेल, त्यावरच मजकूर चौकटी ठेवा आणि पुन्हा पीडीएफ करून घ्या. मोजमापाचा प्रश्नच उद्भवणार नाही. मी आमच्या सोसायटीचे फॉर्म असेच भरतो.

पावतीपुस्तक

माझ्या दुकानात छापील पावत्यांवर प्रिंटरने नाव आणि रक्कम उमटवावी लागते. तिथेही मजकूर असाच वरखाली होतो, आणि त्याचे कारण प्रिंटर कागद ओढताना किंचित घसरतो हे असते. तुम्ही कागदाचा ट्रे नीट बसवून पाहा, मार्गदर्शक पट्ट्या कागदाला टेकवा. शिवाय छपाईच्या खिडकीत `Fit` ऐवजी `Actual size` निवडलेले आहे ना, तेही पाहून घ्या. माझ्याकडे त्यामुळे एकदा पावत्यांचा अख्खा गठ्ठा फुकट गेला होता.

शिदोरी

पावतीपुस्तक, आपला सल्ला छापील कागदावर मजकूर उमटवण्याबाबत आहे. मला भरलेला अर्ज छापायचा नाही, तो पीडीएफ म्हणूनच जाणार आहे. मात्र मोजण्यासाठी जो अर्ज मी छापला, तो छापताना `Fit` हाच पर्याय निवडलेला होता. त्याचा इथे काही संबंध असेल का?

रेषामात्र

संबंध आहे, आणि पहिल्या पानाचे संपूर्ण उत्तर त्यातच आहे. `Fit` निवडल्यावर प्रिंटरला कडेला जी जागा छापता येत नाही तिच्या आत मावावे म्हणून पान थोडे आकसते आणि कागदाच्या मध्यभागी ठेवले जाते. मध्य जागचा हलत नाही आणि मध्यापासून जितके दूर जावे तितकी चूक वाढत जाते. तुमच्या वर्णनात मधल्या रेघा बरोबर, वरच्या व खालच्या टोकांना सारखाच फरक आणि तोही उलट दिशांना, असे आहे. ही आकसण्याचीच खूण आहे. केवळ सुरुवातीचा बिंदू चुकला असता तर सगळ्या रेघांवर सारखाच फरक एकाच दिशेला दिसला असता आणि चौकटी एकत्र सरकवून तो गेला असता.

आकडे घालून पाहू. पान ९७ टक्के झाले असे धरा. ए-४ ची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे मध्य १४८.५ वर. तुम्हाला छापील कागदावर पहिली रेघ वरून ६० मिलिमीटरवर मिळाली असेल, तर ती मध्यापासून ८८.५ वर आहे. त्याला ०.९७ ने भागले की ९१.२ येतात, म्हणजे मूळ अर्जात ती रेघ ५७.३ मिलिमीटरवर आहे आणि तुमचा मजकूर तिच्या २.७ मिलिमीटर खाली पडतो. शेवटची रेघ २४० वर मोजली असेल तर ती प्रत्यक्षात २४२.८ वर आहे, म्हणून तिथला मजकूर २.८ मिलिमीटर वर राहतो. तुम्ही सांगितलेला फरक हाच आहे.

यावर उपाय म्हणून पुन्हा `Actual size` ने छापून मोजता येईल, परंतु मी कागदावर मुळीच मोजणार नाही. पट्टीने अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. त्यापेक्षा अर्जाच्या पानांची चित्रे काढा:

```
pdfinfo form.pdf
pdftoppm -r 300 -png form.pdf page
```

पहिल्या आज्ञेने पानाचा खरा आकार कळतो. ए-४ असेल तर तो जवळपास ५९५ × ८४२ पॉइंट दिसतो. तो तसा नसेल, तर ड्रॉमधले पानही त्या आकाराचे करा, कारण दोन पानांचे आकार वेगळे असले तर एकमेकांवर चढवताना मजकूर पुन्हा सरकतो. दुसऱ्या आज्ञेने मिळालेले चित्र गिम्पमध्ये उघडून रेघेवर माउस नेला की खालच्या पट्टीत पिक्सेल दिसतात. शेवटची रेघ वरून २८६८ पिक्सेलवर दिसली, तर २८६८ × २५.४ ÷ ३०० = २४२.८ मिलिमीटर. हेच माप ड्रॉमध्ये वापरायचे.

हिरवा_चाफा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. स्कॅन केलेले पान ड्रॉमध्ये एका चित्रासारखे उघडते आणि जागा पाहण्यासाठी ते उपयोगीच आहे. मात्र तिथूनच पीडीएफ केले तर लिब्रेऑफिस ते चित्र नव्याने दाबून साठवते आणि बारीक अक्षरे धूसर होऊ शकतात. अर्ज स्कॅन केलेला नसून संगणकावर तयार झालेला असेल तर त्याहून वाईट होते. त्यातला टंक तुमच्या संगणकावर नसेल तर दुसराच टंक येतो आणि छापील मजकूरच हलतो. म्हणून चित्र केवळ मागे ठेवून चौकटी मांडाव्यात, मग चित्र काढून टाकून फक्त मजकुराचे पीडीएफ करावे आणि ते मूळ अर्जावर चढवावे:

```
qpdf form.pdf --overlay text.pdf -- filled.pdf
```

यात मूळ अर्जाचे चित्र जसेच्या तसे राहते आणि तुमचा मजकूर पानाचाच भाग होतो. पीडीएफ वाचकातील टिप्पणीच्या साधनाने टाकलेल्या मजकुराची गोष्ट निराळी आहे, कारण समोरच्याने छपाईत टिप्पण्या वगळल्या तर त्याच्या हाती कोरा अर्ज पडतो.

शिदोरी

मनःपूर्वक आभार. चित्रावरून मोजलेल्या जागांवर चौकटी ठेवल्यावर वरपासून खालपर्यंतचा फरक पूर्णपणे गेला. आता एक लहान अडचण उरली आहे. प्रत्येक ओळीत मजकूर रेघेच्या थोडा खाली येतो, आणि हा फरक सगळीकडे सारखा आहे. परंतु केवळ इंग्रजी आकडे असलेली चौकट मराठी मजकुराच्या चौकटीपेक्षा किंचित वर दिसते.

रेषामात्र

सारखा फरक हा चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेमुळे आहे. ड्रॉमध्ये चौकटीच्या कडेपासून मजकुरापर्यंत डावीउजवीकडे सुमारे पाव सेंटिमीटर आणि वरखाली त्याच्या निम्मी जागा आधीपासून सोडलेली असते. मजकुराच्या मांडणीत जाऊन ती चारही बाजूंनी शून्य करा. त्यानंतरही चौकटीची वरची कड आणि अक्षरांचा पाया यांतले अंतर टंकानुसार बदलते, म्हणून ते गणिताने काढत बसू नका. एका रेघेवर चाचणीचा शब्द लिहा, तो योग्य जागी येईपर्यंत चौकट हलवा आणि रेघ व चौकटीची वरची कड यांतले अंतर टिपून तेच सर्व ओळींना लावा.

चाचणीसाठी ‘नाव’ किंवा ‘गाव’ असे शब्द घेऊ नका. ‘कृष्णूर’ यासारखा शब्द घ्या, ज्यात ऋकार आणि ऊकार दोन्ही खाली लोंबतात. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांचा पाया रेघेपासून दीड-दोन पॉइंटांवर ठेवला, तर आपले उकार रेघेला छेदतात आणि स्कॅनच्या धूसर रेघेत ‘कु’ आणि ‘कू’ यांतला भेद वाचता येत नाही. ११ पॉइंटांच्या मजकुराला मी चार पॉइंटांची मोकळीक ठेवतो.

आकडे वर दिसतात याचे कारण असे की लिब्रेऑफिस पाश्चात्त्य लिपीसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा टंक वापरते आणि दोहोंची उंची वेगळी असते. दोन्ही ठिकाणी एकच टंक निवडा. `Mukta` मध्ये दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे तो इथे सोयीचा पडतो.

दुसऱ्या पानाचे निदान सोपे आहे. ते स्कॅन करताना तिरके ठेवले गेले आहे. एकाच लांब रेघेच्या दोन टोकांचे पिक्सेल पाहा आणि कळवा.

शिदोरी

डावे टोक वरून ११२० पिक्सेलवर आहे आणि उजवे टोक ११३६ वर. रेघेची लांबी १८९० पिक्सेल आहे.

रेषामात्र

१६ भागिले १८९०, म्हणजे जवळपास अर्धा अंश. एवढ्याशा तिरकेपणाने १६ सेंटिमीटरांच्या रेघेत १.४ मिलिमीटरांचा फरक पडतो. स्कॅन सरळ करून घेता येईल, पण मग तुम्ही संस्थेचा मूळ अर्ज बदलून पाठवाल. मी अर्ज जसा आहे तसा ठेवून मजकूरच तिरका करेन. त्या पानावरच्या सगळ्या चौकटी एकत्र निवडा, त्यांचा गट करा आणि `F4` दाबून येणाऱ्या खिडकीत फिरवण्याचा कोन ३५९.५ अंश द्या, कारण तिथे कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो. त्यानंतर पहिल्या आणि शेवटच्या रेघेची दोन्ही टोके पाहून गट जागेवर आणा.

हिरवा_चाफा

अर्धा अंश तिरका मजकूर डोळ्यांना खुपणार नाही का? मी असतो तर पान सरळ करून घेतले असते. छाननी करणाऱ्याला काय कळणार?

रेषामात्र

रेघच तिरकी असल्यामुळे तिला समांतर असलेला मजकूर खुपत नाही, उलट आडवा मजकूर खुपतो. पान सरळ करणे चालेल की नाही, हे संस्थेने ठरवायचे आहे.

शिदोरी

दोन्ही पाने आता बरोबर बसली. मजकूर चौकटींची फाइल नमुना म्हणून जपून ठेवली आहे आणि त्यातील मजकूर बदलून दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्जही तयार झाला. आडनाव लांब असेल तर चौकट दुसऱ्या ओळीत जाते, म्हणून तेवढ्या ठिकाणी अक्षरे एका पॉइंटाने लहान केली.

एक प्रश्न मात्र बाकी आहे. दुसऱ्या पानावर अर्जदाराच्या नावासाठी एका ओळीत २० छोटे चौकोन आहेत. मोबाइल क्रमांकाच्या चौकोनांत अंकांमधले अंतर वाढवून क्रमांक बरोबर बसवता आला, परंतु नावात तसे केले की शिरोरेषा तुटते आणि इकार-उकार कुठेही जातात.

पावतीपुस्तक

प्रत्येक चौकोनासाठी वेगळी चौकट ठेवा आणि एकेक अक्षर टाका. ‘शर्मिला’ असेल तर श, र्मि, ला असे तीन चौकोन.

हिरवा_चाफा

माझ्या मते ‘र्मि’ला दोन चौकोन द्यावेत, कारण काही ठिकाणी जोडाक्षरे सुटी करून लिहायला सांगतात.

रेषामात्र

वेगळ्या चौकटी हाच मार्ग आहे, कारण अक्षरांतले अंतर वाढवण्याची सोय देवनागरीच्या जोडणीला मानवत नाही. जोडाक्षराला किती चौकोन द्यायचे, हे मात्र अर्जावरच्या सूचनेत लिहिलेले असल्याखेरीज आपल्यापैकी कोणी ठरवू शकत नाही. सूचना नसेल तर संस्थेला ईमेलने विचारा आणि उत्तर येईपर्यंत नावाची ओळ रिकामी ठेवून बाकीचे अर्ज तयार करत राहा.

शिदोरी

अर्जावर तशी सूचना नाही. संस्थेला आजच ईमेल पाठवते आणि उत्तर आले की इथे लिहिते.