मदत हवी आहे: बातमी पानावरच बदलली, आता संदर्भ कोणत्या तारखेचा द्यायचा?

रंकाळा_संध्याकाळ: माझा प्रबंध जुलै 2021 च्या महापुरावर आहे. मार्गदर्शक मॅडमना शिकागोची लेखक-वर्ष पद्धत हवी आहे. मी 22 जुलैच्या सकाळी एका दैनिकाच्या साइटवरून टिपून ठेवलं होतं, 'राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली'. आता तीच लिंक उघडली तर 43 फुटांची धोका पातळी लिहिलीय आणि वर 'अपडेटेड 23 जुलै'. बातमीदाराचं नाव नाही. तिसऱ्या परिच्छेदापुढचं वाचायला वर्गणी मागतात. काय करू?

मिरजकर: सोपं आहे. नाव नाही तर शीर्षकच लेखकाच्या जागी टाका आणि पाहिल्याची तारीख द्या. झालं.

जुना_ग्रंथपाल: मिरजकर, शीर्षक पुढे आणायची रीत एपीएची. शिकागोत बिननावाच्या बातमीला दैनिकाचं नाव लेखकाच्या जागी येतं. पाहिल्याची तारीख पानावर तारीखच नसेल तर कामाची. त्या दिवशी पानावर काय होतं ते तिच्यावरून कळत नाही.

ताई, आजचा मजकूर वापरणार असाल तर नोंद अशी:

```
दैनिक अबक. 2021. "बातमीचं शीर्षक." 22 जुलै 2021, अद्ययावत 23 जुलै 2021. बातमीची लिंक.
```

पण 39 फुटांचा आकडा आता त्या पानावर नाही, म्हणून ही नोंद त्याला चालणार नाही. वेबॅक मशीनवर जुनी प्रत शोधा. प्रतीच्या पत्त्यातला चौदा अंकी आकडा म्हणजे तारीख-वेळ, पण ती आपली नाही, जागतिक वेळ. 20210722041500 दिसलं तर आपल्याकडे सकाळचे पावणेदहा. प्रत नसेल तर ग्रंथालयात 23 तारखेचा छापील अंक बघा आणि त्याची नोंद वेगळी करा. पान क्रमांक सोडा. शहर आवृत्तीत पान दोनवर असलेली बातमी ग्रामीण आवृत्तीत सहावर जाते. त्याच दैनिकाच्या 2021 च्या दोन नोंदी झाल्या की 2021अ, 2021ब करायचं.

भवानीमंडप: माझ्याकडं आजोबांनी जपलेलं 2005 च्या पुराचं कात्रण हाय, पण तारीखच कापली गेलीय! त्याचं काय?

जुना_ग्रंथपाल: कात्रण उलटं करून बघा. मागं सिनेमाची जाहिरात किंवा निविदा असते, त्यावरून दिवस लागतो. अंदाजाची तारीख चौकोनी कंसात द्या.

रंकाळा_संध्याकाळ: सर, प्रत सापडली! 22 जुलै, सकाळी सव्वाअकराची. 39 चा आकडा पहिल्या परिच्छेदातच आहे, त्यामुळे वर्गणीचा प्रश्न तिथं मिटला. मॅडम मात्र म्हणतात, बाकीच्या बातम्यांपुढे 'सशुल्क' लिहाच.

जुना_ग्रंथपाल: शिकागोत तशी सक्ती नाही. पैसे भरून वाचलं की फुकट, नोंद तीच. ग्रंथालयाच्या डेटाबेसमधून वाचलं असेल तर लिंकऐवजी डेटाबेसचं नाव. पण सही मॅडमची आहे, त्यामुळे...

मिरजकर: आणि ई-पेपर? तो छापील धरायचा की ऑनलाइन? आमच्याकडे दोन परीक्षकांची दोन मतं होती.