अख्ख्या गोव्याचा आकडा वेगळा, मतदारसंघाचा वेगळा
"१६०० जणांचा पोल गोव्याला पुरतो म्हणतात, मग आमच्या मतदारसंघाचा अंदाज एवढा का चुकतो?"

कारण तिथे १६०० जण नसतातच. आपले मतदारसंघ ४०, १६०० जण सारखे वाटून दिले तर प्रत्येकी ४० माणसं.

९५ टक्के खात्रीसाठी सोपा हिशोब म्हणजे ९८ ला सॅम्पलच्या वर्गमुळाने भागायचं, १६०० चं वर्गमूळ ४०, म्हणून राज्यपातळीवर चूक जास्तीत जास्त अडीच टक्के इकडे-तिकडे, ठीक आहे. पण ४० माणसांवर तीच साडेपंधरा होते, म्हणजे उमेदवाराला ४० टक्के दाखवले तर खरा आकडा साधारण २५ ते ५५ मध्ये कुठेही असू शकतो, यावरून कोण जिंकणार ते कसं सांगणार हो?

आणि ही रुंदी निम्मी करायला माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात, म्हणजे मतदारसंघात १६० आणि राज्यात ६४००, खर्च कोण करणार. एवढं करूनही पावणेआठ टक्के उरतातच, शिवाय दोन उमेदवारांमधल्या फरकाची चूक त्याहून मोठी, जवळपास दुप्पट. २०२२ ला सांत आंद्रेत निकाल ७६ मतांनी लागला, तो असल्या पोलमध्ये दिसणं शक्यच नव्हतं.

हेसुद्धा माणसं रँडम निवडली असतील तरच हां, नुसती बाजारात भेटतील त्यांना विचारलं तर सॅम्पल कितीही वाढवा, ती चूक या हिशोबात येतच नाही.