मदत हवी आहे: नवतपात डांबरावर चालायला बूट कोणते?

राजेहो, एक सांगा. माझं काम मीटर रीडिंगचं, रोज ११ ते ३ पायीच, नागपूरच्या धरमपेठ-सदर भागात, गाडी लावून गल्ल्या फिरायच्या. मागच्या वर्षी काळे लेदरचे बूट होते, पाय अक्षरशः उकडून निघाले, म्हणून यंदा फिक्या राखाडी रंगाचे जाळीवाले रनिंग शूज घेतले. वरून फरक पडला, हवा कोरडी असल्यानं घाम लगेच वाळतो, पण तळव्याची आग काही कमी नाही. मित्राच्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं दुपारी दोनला मोजलं तर डांबर ६१ डिग्री, बाजूचा सिमेंट रोड ५३. अर्ध्या तासानं बूट काढून आतलं इनसोल मोजलं तर ४४! टाचेखाली फोम जाड आहे तिथं बरं वाटतं, चटका बसतो तो पुढच्या पंज्याला, तिथं सोल पातळ आहे.

जाड कॉटनचे मोजे घालून पाहिले, घाम धरून ठेवतात आणि दोन दिवसात फोड आले. पातळ सिंथेटिक बरे, पण जाळीतून धूळ आत येते अन् रगडते. सँडल चालत नाही, ऑफिसचा नियम आहे. बजेट अडीच हजार.

तर विचारायचं हे की त्याच बुटात कॉर्कचं इनसोल टाकून पंज्याचा चटका खरंच कमी होतो का, की पुढूनही जाड फोम असलेला बूटच घ्यावा लागेल? कॉर्क कोणी वापरलं असेल तर किती मिलिमीटरचं टाकलं, अन् बूट घट्ट नाही झाला का?