प्रतिसाद: न जमलेलं अहवालात कुठे लिहायचं?

"सहामाही अहवालात अपयश कुठे आणि किती लिहायचं? निधी थांबेल अशी भीती वाटते."

पहिल्याच पानावर, यशाच्या आकड्याला लागून. सोलापुरात विडी कामगार महिलांसाठी मी वाचनवर्ग घ्यायचे. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, '६० महिलांपर्यंत पोहोचलो'. नावं ६० जणींनी नोंदवली होती हे खरं, पण चौथ्या महिन्यात हजेरीपटावर २२च उरल्या होत्या. वाक्य खोटं नव्हतं, तरी वाचणाऱ्याची फसगत करणारं होतं, म्हणून ते बदललं:

'६० जणींनी नाव नोंदवलं, २२ नियमित येतात. वर्ग संध्याकाळी सहाला ठेवणं ही आमची चूक. तेव्हा घरी उद्याच्या विड्या वळून पुऱ्या करायच्या असतात. जानेवारीपासून वर्ग दुपारी, विड्या जमा करून आल्यावर. मार्चअखेर ३५ नियमित झाल्या नाहीत तर दोनपैकी एक केंद्र बंद करू.'

आधी मी कारण म्हणून 'सामाजिक अडचणी' लिहिलं होतं. त्यातून पुढचं पाऊल निघेना, तेव्हाच कळलं की खरं कारण अजून लिहिलेलंच नाही. पार्श्वभूमीचं दीड पान मात्र मी सरळ काढून टाकलं. ते मूळ प्रस्तावात होतंच. आणि वर्ग कमी झाल्याने उरलेली रक्कम त्याच परिच्छेदात सांगा, हिशेबाच्या तक्त्यात निधी देणाऱ्यांना ती अचानक दिसायला नको.